पावसाळाभर घर बंद, टीव्ही पिशवीत

यंदा जूनपासून पावसाळा संपेपर्यंत घर बंद राहणार हे नक्की झालं. मग फ्रिज रिकामा करून दार उघडं ठेवायचं, गॅस बंद, नळाचा मेन कॉक बंद अशी सगळी यादी झाली आणि शेवटी टीव्हीचं काय यावर गाडी अडली. घरच्यांचं म्हणणं एकच, प्लग काढ, वरून जुनी चादर टाक, झालं. मला ते पटेना. आमचा ४३ इंची टीव्ही ज्या भिंतीवर आहे ती बाहेरची भिंत आहे, पावसाचा मारा थेट तिच्यावर, आणि दरवर्षी तिथला रंग फुगून पापुद्रे सुटतात.

त्यात आदल्या वर्षी भावाच्या टीव्हीचं झालेलं डोळ्यासमोर होतं. त्यांचंही घर असंच बंद होतं, परत आल्यावर टीव्ही लावला तर पडद्यावर उभ्या रेषा. मेकॅनिकने मागचं झाकण उघडलं तेव्हा मी शेजारीच उभा होतो. आत बोर्डवर एका बाजूला धुळीचा थर बसलेला आणि ती धूळ कोरडी नव्हती, बोट लावलं तर चिकट लागत होती. पॉवर सप्लायच्या भागात झुरळांची काळी बारीक घाण. आणि पॅनलच्या कडेला ज्या पातळ लवचिक पट्ट्या काचेला चिकटवलेल्या असतात त्यातल्या एकीच्या टोकाला हिरवट डाग. मेकॅनिक म्हणाला, "साहेब, सप्लायचा बोर्ड मी साफ करून देतो, गरज पडली तर बदलूनही देतो, पण ही पट्टी काचेला मशीनवर चिकटवलेली असते, इथे तांबं खाल्लं की रेषा येणारच, त्याला माझ्याकडे इलाज नाही." पॅनल बदलायचा खर्च जवळपास नव्या टीव्हीइतका, त्यामुळे विषय तिथेच संपला.

त्या उघड्या टीव्हीकडे बघून एक गोष्ट कळली की ओल, धूळ आणि किडे अशी तीन वेगळी दुखणी नसतात. नुसती कोरडी धूळ बोर्डवर पडून राहिली तर फारसं काही बिघडवत नाही, फक्त उष्णता बाहेर जायला अडचण होते. पण धुळीत थोडाफार क्षार असतोच, झुरळाच्या घाणीतही असतो, आणि हा क्षार दमट हवेतलं पाणी ओढून घेतो. मग त्या थरातून थोडा थोडा करंट वाहायला लागतो आणि तांबं हळूहळू खाल्लं जातं. म्हणजे ओल आवरली तर बाकीच्या दोघांचा जोर बराच कमी होतो.

मग मी एक साधा डिजिटल आर्द्रतामापक आणला आणि पहिला मोठा पाऊस झाल्यावर मोजायला घेतलं. हॉलच्या मध्ये टेबलावर ठेवला तर ७१ टक्के. तोच टीव्हीच्या मागे भिंतीला टेकवून तासभर ठेवला तर ८६. एकाच खोलीत इतका फरक! कारण उघड आहे, भिंत ओली आणि खोलीपेक्षा गार, आणि टीव्ही भिंतीला जवळजवळ चिकटलेला, मागे हवा खेळायला जागाच नाही. बुरशीला साधारण ७० ते ८० टक्क्यांच्या पुढे बरं वाटायला लागतं, म्हणजे टीव्हीची पाठ कायम तिच्या सोयीच्या हवेत. आपण वापरत असतो तेव्हा हे जाणवत नाही कारण रोज दोन-तीन तास टीव्ही चालला की तो आतून तापतो आणि स्वतःला वाळवतो. घर बंद झालं की ही रोजची शेकोटी बंद. स्टँडबायवर सोडून गेलं तर? असं बरेच लोक करतात, पण स्टँडबायला टीव्ही अर्धा वॉट किंवा त्याहून कमीच खातो, त्याने कसली ऊब येणार. वर विजा चमकतात तेव्हा प्लग लागलेला असणं म्हणजे धोकाच. स्पाइक गार्ड लहानसहान झटके खातो, जवळ पडलेल्या विजेपुढे त्याचा भरवसा नाही. आणि नुसता प्लग काढूनही भागत नाही, केबलची किंवा डिशची वायर आणि लॅनची वायरही काढायला हवी, तिकडूनही झटका येतो. सेट टॉप बॉक्स HDMI ने जोडलेला असेल तर तीही काढायची.

आता चादर की प्लॅस्टिक यावर घरात चर्चासत्र झालं. माझं मत सरळ आहे, एकतर टीव्हीला मोकळी हवा द्या नाहीतर पूर्ण हवाबंद करून आत ओल शोषणारं काहीतरी ठेवा, मधलं काही करू नका. वरून प्लॅस्टिक टाकलं आणि खालून उघडं, हे सगळ्यात वाईट. दिवसा दमट हवा आत शिरते, रात्री गारवा आला की तीच हवा आणखी ओली होते आणि प्लॅस्टिक तिला बाहेर पडू देत नाही. त्यापेक्षा सुती कापड परवडलं, धूळ अडवतं आणि हवा जाऊ देतं. पण सुती कापड ओल अडवत नाही, झुरळं तर मुळीच नाही, म्हणून ते घरात राहणाऱ्यांसाठी ठीक. आम्ही घरात असणारच नव्हतो, त्यामुळे हवाबंद करायचं ठरलं.

सिलिका जेल किती लागेल याचा थोडा हिशोब केला, कारण बुटाच्या खोक्यात मिळतात तसल्या चार पुड्या टीव्हीमागे टाकून लोक निश्चिंत होतात. ३० अंश तापमानाला हवा पूर्ण ओली असेल तर एका घनमीटरमध्ये साधारण ३० ग्रॅम पाणी असतं. माझ्या पिशवीत टीव्ही धरून जागा फार तर घनमीटरच्या दहाव्या भागाइतकी, म्हणजे आत अडकलेल्या हवेत पाणी तीन ग्रॅमपेक्षा जास्त नाही. आर्द्रता पन्नाशीच्या आत राहायला हवी असेल तर सिलिका साधारण स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याइतकं पाणी धरतं. या हिशोबाने १५-२० ग्रॅम पुरेल असं वाटतं, पण खरी भानगड आतल्या हवेची नाहीच, बाहेरून झिरपणाऱ्या वाफेची आहे. प्लॅस्टिकमधून पाणी गळत नाही पण वाफ मात्र थोडी थोडी जातच राहते, पिशवी जेवढी पातळ तेवढी जास्त, आणि काही महिन्यांचा विचार केला तर हा आकडा मोठा होतो. म्हणून मी जाड, शंभर मायक्रॉनच्या वरची पारदर्शक पिशवी घेतली आणि सिलिका पूर्ण एक किलो. उघड्या खोलीत मात्र किलो काय आणि दहा किलो काय, खिडकीच्या फटीतून नवीन ओली हवा येतच राहते, सिलिका एक-दोन दिवसात भरून जातं आणि मग नुसतं पडून राहतं.

सिलिका नारिंगी रंगाचं घेतलं, ओल भरली की हे हिरवट होतं. निळं पण मिळतं, ते गुलाबी होतं, पण त्यात कोबाल्ट क्लोराइड असतं जे विषारी आहे, म्हणून मी टाळलं. पाकीट नवीन असलं तरी आतले दाणे आधीच थोडे ओले असू शकतात, माझ्यातले काही हिरवे दिसतच होते. ओव्हनमध्ये ट्रेवर पातळ पसरून १२० अंशाला दोन-अडीच तास ठेवलं तेव्हा सगळे परत नारिंगी झाले. लगेच झाकणाच्या बरणीत भरलं, कारण उघड्यावर गार होऊ दिलं तर गार होता होताच ते ओल प्यायला लागतं. मग जुन्या सुती कापडाच्या पिशव्या शिवून त्यात पाव पाव किलो भरलं. सुट्टं कधी ठेवू नये, दाणे घासून जी बारीक पूड होते ती टीव्हीच्या जाळीतून आत गेली तर आपणच धूळ घातल्यासारखं.

बाजारात ते पाणी जमणारे डबे पण मिळतात, ज्यात पांढरे दाणे असतात आणि खाली पाणी साठतं. ते कॅल्शियम क्लोराइड असतं, ओल भरपूर ओढतं, कपाटाला छान. पण खाली जमतं ते नुसतं पाणी नसून खारट द्रावण असतं, धातूला भयंकर खातं, डबा कलंडला तर संपलं. टीव्हीबरोबर एका पिशवीत हे कधीच नाही. डांबर गोळ्यासुद्धा नाहीत. नॅप्थलीनची वाफ काही प्रकारचं प्लॅस्टिक मऊ करते आणि टीव्हीत प्लॅस्टिकच प्लॅस्टिक.

आता प्रत्यक्ष काम. निघायच्या दोन दिवस आधी उघडीप मिळाली, दुपारी ऊन होतं, तोच मुहूर्त धरला. आधी टीव्ही दोन-तीन तास चालवला म्हणजे आतली ओल निघून जाईल. मग बंद करून सगळ्या वायरी काढल्या, प्रत्येकीवर चिकटपट्टी लावून कुठली कुठे ते लिहून ठेवलं. ब्रॅकेटवरून काढायला मुलाला घेतलं, एकट्याने करू नये, वजन फार नसतं पण रुंदी आवरत नाही. खालून आणि बाजूच्या फ्रेमला धरायचं, पडद्यावर तळहाताचा दाब नको. आणि आडवा झोपवायचा नाही, उभाच ठेवायचा, पातळ पॅनलला स्वतःच्या वजनाचा ताण येतो. टीव्हीबरोबर आलेले पाय माळ्यावर सापडले ते लावले.

पाठ पहिल्यांदाच नीट बघायला मिळाली. भिंतीच्या बाजूला खाली एक ओल्या मातीचा छोटा गोळा, कुंभारीण माशीचं घरटं, आणि ते थेट एका HDMI च्या भोकाला चिकटवलेलं! लाकडी टूथपिकने हळूहळू कोरून काढलं, पाणी लावलं नाही, आणि आत खुपसायचंही नाही, त्यातल्या पिना नाजूक असतात. वरच्या जाळीवर धुळीची साय. मऊ ब्रशने धूळ सैल करायची आणि दुसऱ्या हातात व्हॅक्यूमचं तोंड थोडं लांब धरायचं, म्हणजे ती आत जात नाही. ब्लोअरने फुंकलं की बाहेरची धूळ आत जाते, म्हणून मी तो वापरत नाही. पडदा फक्त कोरड्या मायक्रोफायबरने, बोटांचे डाग होते तिथे डिस्टिल्ड वॉटरने कापड जेमतेम ओलं करून. काच पुसायचा स्प्रे टीव्हीवर नको, त्यातला अमोनिया किंवा अल्कोहोल पडद्यावरचा थर उडवतं.

मग टॉर्च लावून जाळीतून आत बघितलं. हे करायलाच हवं, कारण आत झुरळं असतील आणि आपण पिशवी बंद केली तर त्यांनाही आतच कोंडणार. झुरळाचा अंडकोश म्हणजे तपकिरी, डाळीच्या दाण्याएवढी कुपी, ती कुठे चिकटलेली दिसते का बघायचं. आमच्यात नव्हती. असती तर मेकॅनिकला बोलावून झाकण उघडून घेतलं असतं. घरी स्वतः झाकण उघडायला मी सांगणार नाही, सप्लायमधला मोठा कपॅसिटर प्लग काढल्यावरही काही वेळ झटका देऊ शकतो. आणि जाळीतून कीटकनाशक फवारणं तर अजिबात नाही, ते द्रावण बोर्डवर बसतं, प्लॅस्टिक खातं, आणि काही फवारे पेट घेणारे असतात. झुरळाची जेल लावायचीच असेल तर टीव्हीपासून लांब, कपाटामागे, सिंकखाली.

टीव्ही गार झाल्यावर, आणि हे मुद्दाम सांगतोय, पूर्ण गार झाल्यावरच, पडद्यावर पातळ फोमशीट लावून पिशवीत घातला. गरम असताना बंद केला तर आतली हवा नंतर गार होऊन तिची आर्द्रता चढते. सिलिकाच्या तीन पिशव्या तळाशी, पायांच्या दोन्ही बाजूंना, चौथी मोठ्या पिशवीच्या तोंडाजवळ, जाळीवर काही नाही. आर्द्रतामापक पारदर्शक बाजूला आकडा बाहेरून दिसेल असा. हाताने दाबून जास्तीची हवा काढली, तोंडाची दुहेरी घडी घातली आणि वरून रुंद चिकटपट्टी. मूळ खोक्यात घालायचा मोह झाला होता, पण पुठ्ठा ओल पितो आणि त्यात कसर आणि वाळवी लागते, म्हणून नाही घातला. पिशवीसकट टीव्ही आतल्या खोलीत, बाहेरची भिंत नसलेल्या बाजूला, टेबलावर. रिमोटमधले सेल काढले, हे लोक विसरतात आणि मग सेल फुटून स्प्रिंगवर पांढरी बुरशी दिसते, ती खरंतर बुरशी नसतेच, सेलमधलं रसायन असतं.

शेजारच्या काकूंकडे किल्ली होती. त्यांना म्हटलं, "काकू, झाडांना पाणी घालायला जाल तेव्हा त्या पिशवीतल्या घड्याळावरचा आकडा तेवढा मला सांगाल का?" काकू म्हणाल्या, "अरे, घड्याळ नाही ते, ४१ वाजून काय वाजतात? थांब, फोटोच पाठवते." त्यानंतर फोटो येत राहिले. आधी ४१, मग बरेच दिवस ४३-४४ च्या आसपास, आणि पाऊस सलग लागून राहिला तेव्हा ४९. साठच्या वर गेला असता तर बरणीत राखून ठेवलेलं जास्तीचं सिलिका काकूंना आत टाकायला सांगणार होतो, ती वेळ आली नाही.

परत आलो तेव्हा घरात कुबट वास, लाकडी कपाटाच्या पाठीवर हिरवी बुरशी, दुसऱ्या आर्द्रतामापकावर ८२. पिशवीत ५३. पिशवी लगेच फोडली नाही. आधी खिडक्या उघडून पंखे लावले, ऊन आलं तसा खोलीचा आकडा साठच्या घरात उतरला, मग दुसऱ्या दिवशी टीव्ही बाहेर काढला. प्लगच्या पिना बघितल्या, त्यावर हिरवट-काळा थर असेल तर आधी तो साफ करायचा. जाळीशी नाक लावून वास घेतला. सॉकेटला लावून तासभर नुसता स्टँडबायवर ठेवला, मग चालू करून ब्राइटनेस कमी ठेवून अर्धा तास. या वेळात तडतड आवाज आला, जळका वास आला किंवा टीव्ही चालू-बंद व्हायला लागला तर लगेच प्लग काढायचा आणि पुन्हा लावून बघायचं नाही. पडद्यावर ढगासारखे फिकट डाग दिसले तर मात्र घाबरून जायची गरज नाही, आत ओल शिरलेली असते आणि बऱ्याचदा काही तास चालल्यावर ते विरतात. रेषा विरत नाहीत. आमच्याकडे दोन्ही नव्हतं.

एक किडा मात्र लागला, तोही परत आल्यावर. पावसात संध्याकाळी खोलीतले दिवे बंद करून टीव्ही बघत बसलो की सगळे बारीक किडे एकमेव उजेडाकडे, म्हणजे पडद्याकडे धावतात आणि त्यातले तिळाहून लहान काही कडेच्या फटीतून पडद्याच्या आतल्या थरात शिरतात. मुलगा बोटाने दाबायला निघाला होता, त्याला थांबवलं, कारण आत चिरडला की तो डाग तिथेच कायमचा. टीव्ही बंद केला, खोली अंधारी केली आणि पडद्याच्या कडेला बाहेरून टॉर्च लावून ठेवला. जिवंत होता म्हणून उजेडाच्या मागे कडेकडे सरकला आणि सकाळी दिसला नाही. आता टीव्ही बघताना खोलीत दुसरा एक दिवा चालू असतो आणि खिडकीला जाळी बसवली.

भिंतीवर टीव्ही अजून परत चढवलेला नाही. भिंतीचा आकडा हॉलच्या बरोबरीला आल्यावरच चढवणार, आणि ब्रॅकेट भिंतीपासून चार-पाच इंच पुढे येणारं घेतलंय म्हणजे पुढच्या पावसात मागे हवा खेळेल. सिलिका परत भाजायला काढलं तेव्हा चारपैकी तीन पिशव्यांतले दाणे नारिंगीच होते, फक्त कडेला थोडे हिरवे. चौथी पूर्ण हिरवी, ती पिशवीच्या तोंडाजवळ होती. म्हणजे ओल बऱ्यापैकी घडीतूनच आत येत होती, पुढच्या वेळी तोंड इस्त्रीने कागदावरून दाबून वितळवून बंद करणार आहे आणि चिकटपट्टी त्यावरून.